बंगालीतला ‘आड्डा’ मराठीत कसा आणावा?

मेघना_वा

नमस्कार. उत्तर कोलकात्यातील एका गल्लीत १९६० च्या सुमारास घडणारी एक बंगाली दीर्घकथा मी मराठीत आणत आहे. परवानगीचा पत्रव्यवहार अजून चालू असल्यामुळे कथेचे नाव येथे देत नाही. बंगाली ही माझी घरची भाषा नव्हे, मी ती शिकून वाचते. कथेचा सगळा डोलारा ‘आड्डा’, म्हणजे मित्रांचे गप्पांसाठी जमणे, या एका शब्दावर उभा आहे आणि नेमके तेथेच माझे काम अडले आहे.

कथेचा नायक पदवी घेऊन नोकरीच्या शोधात आहे. रोज संध्याकाळी तो आणि त्याचे मित्र शेजारच्या घराच्या रकावर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, जमतात. तो घरून निघतो तेव्हा आई विचारते, ‘आबार आड्डा?’ त्यावर तो म्हणतो, ‘आड्डा ना दिले भात हजम हबे ना.’ पुढे मित्रांपैकी एकाला दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागते, आणि त्यानंतरच्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य आहे, ‘आड्डाटा भेंगे गेलो.’

पहिल्या खर्ड्यात मी आईच्या तोंडी ‘पुन्हा चकाट्या पिटायला निघालास?’ असे घातले, मुलाच्या तोंडी ‘गप्पा मारल्याशिवाय मला जेवण पचणार नाही’ असे घातले, आणि प्रकरणाची सुरुवात ‘मैफल मोडली’ अशी केली. ही वाक्ये सुटी वाचली तर मराठी म्हणून कोठेही खटकत नाहीत. सलग वाचली की मात्र आई आणि मुलगा दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत असे वाटते, आणि जे मोडले ते तिसरेच काहीतरी होते असे वाटते. तिन्ही ठिकाणी चालेल असा एखादा मराठी शब्द जाणकारांना सुचतो का?

सदानंद_डोंबिवली

मेघनाताई, शब्द आपल्याकडे तयार आहे आणि तो ‘कट्टा’ हा आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे. मुले जमतात, विषय ठरलेला नसतो आणि घरी जायची घाई कोणालाच नसते. ‘पुन्हा कट्टा?’, ‘कट्ट्यावर गेल्याशिवाय जेवण पचत नाही’, ‘कट्टा मोडला’ ही तिन्ही वाक्ये सरळ बसतात. आणि तुम्हाला मूळ शब्दच हवा असेल तर ‘अड्डा’ मराठीतही आहेच. हिंदीत आहे, मराठीत आहे आणि बंगालीतही आहे, तेव्हा शब्द एकच असल्यामुळे अर्थही सगळीकडे एकच असणार. यात भाषांतराची अडचण कोठे येते ते मला समजले नाही.

अनुपमा_भवानीपूर

सदानंदराव, ‘कट्टा’ ही सूचना चांगली आहे आणि मी तिच्याकडे परत येणारच आहे. ‘शब्द एकच म्हणून अर्थ एकच’ हे मात्र पटण्यासारखे नाही. आपल्या वर्तमानपत्रांत पोलिसांचा छापा पडतो तो जुगाराच्या किंवा दारूच्या अड्ड्यावर. मराठी वाचकाच्या कानाला ‘अड्डा’ म्हटल्यावर पहिल्यांदा हेच ऐकू येते. हिंदीत बस अड्डा आणि हवाई अड्डा आहेत, म्हणजे तेथे थांबण्याची जागा हा अर्थ जिवंत आहे. बंगालीतही जुना अर्थ जागेचाच होता. एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यात गांजाचा आड्डा आणि अफूच्या गोळ्यांचा म्हणजे ‘गुलीर आड्डा’ असे शब्दप्रयोग होते, आणि भल्या घरची माणसे तो शब्द मानाने उच्चारत नसत. पुढे सुशिक्षित बंगाली समाजाने तोच शब्द आपल्या सर्वांत आवडत्या उद्योगासाठी उचलला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेखक त्याच्यावर प्रेमाने निबंध लिहू लागले. बुद्धदेव बसूंनी आपल्या निबंधाच्या आरंभीच म्हटले आहे की या शब्दाची व्युत्पत्ती आपल्याला माहीत नाही, पण त्याला संस्कृत वेष चढवून ‘सभा’ केले तर त्यात काहीच उरत नाही आणि इंग्रजी करून ‘पार्टी’ म्हटले तर त्याचा प्राणच जातो. म्हणजे भाषांतराची ही अडचण खुद्द बंगाली लेखकालाही आपल्या भाषेच्या आत राहून जाणवली होती.

माझे बालपण कोलकात्याच्या भवानीपुरात गेले, त्यामुळे शब्दाच्या वापराविषयी थोडे सविस्तर लिहिते. मेघना, नामापेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे आधी पाहा. आड्डा ‘देतात’, आड्डा ‘मारतात’, आड्डा ‘बसतो’, आड्डा ‘जमतो’ आणि आड्डा ‘मोडतो’. ‘आड्डा मारा’ हे मित्रामित्रांतले सैल बोलणे आहे, त्यात आपल्या ‘गप्पा मारणे’सारखा वेळ उडवल्याचा सूर आहे. ‘आड्डा देओया’ हे कोणाहीसमोर बोलता येते, आणि त्यात प्रत्येकाने काहीतरी घालायचे असते अशी छटा मला नेहमी जाणवते. ‘बसणे’ म्हणजे ती बैठक नेमाने भरते, जशी आपल्याकडे पंगत बसते. ‘जमणे’ आणि ‘मोडणे’ ही तर मराठीत मैफिलीला जशीच्या तशी लागतात. म्हणजे या एका नामात एक कृती आहे, एक प्रसंग आहे आणि एक टिकणारी मंडळीही आहे. ‘गप्पा’ या शब्दात कृती आहे, पण मंडळी नाही. ‘मैफल’मध्ये प्रसंग आहे, पण तिच्यात कोणीतरी गाणारा असतो आणि बाकीचे ऐकणारे असतात, ही रचना आड्ड्याला मानवत नाही. ‘कट्टा’मध्ये जागा आणि मंडळी दोन्ही आहेत, पण ‘कट्टा दिला’ किंवा ‘कट्टा मारला’ असे कोणी म्हणत नाही.

आता रकाविषयी. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांना दारासमोर रस्त्याला लागून एक उंच बांधीव ओटा असतो, त्याला रोयाक किंवा बोलण्यात रक म्हणतात. तो घरमालकाचा असतो, पण दाराच्या बाहेर असतो, म्हणून गल्लीतली मुले न विचारता त्याच्यावर बसतात आणि मालक कधी ओरडतो, कधी स्वतःच वर्तमानपत्र घेऊन येऊन बसतो. शिवाजी पार्कचा कट्टा सार्वजनिक आहे, तेथून तुम्हाला उठवण्याचा हक्क कोणाला नाही. रकावरचा आड्डा मात्र दुसऱ्याच्या सहनशीलतेवर चालतो. यातूनच ‘रकबाज’ ही शिवी निघाली. तुमच्या कथेतली आई ‘आबार आड्डा?’ म्हणते तेव्हा शेजारच्या घरमालकाला काय वाटत असेल हेही तिच्या मनात असणार.

विनायक_मडगाव

धागा वाचून आनंद झाला. डिसेंबरात मी सहकुटुंब कोलकात्याला जाणार आहे. खरा अड्डा पाहायचा असेल तर कोणत्या दिवशी आणि किती वाजता जावे, तसेच तेथे परक्या माणसाला बसू देतात का, हे कृपया सांगावे.

आमच्या गोव्यात जुन्या घरांना बाल्कांव असते. दाराच्या दोन्ही बाजूंना बसायला बांधीव सोपे असतात, आणि संध्याकाळी रस्त्याने जाणारा प्रत्येकजण तेथे दोन शब्द बोलून पुढे जातो. अनुपमाताईंनी वर्णन केलेला रक मला तसाच वाटला. दुसरे असे की मन्ना डे यांच्या कॉफी हाउसच्या गाण्यात जे मित्र येतात त्यांत ग्रँड हॉटेलात गिटार वाजवणारा एक गोंयकार डिसूझा आहे, आणि तो आता कबरीत झोपला आहे असे गाण्यात म्हटले आहे. बंगाली माणसांनी आपल्या मित्रमंडळात आमच्या माणसाला बरोबरीने बसवले, याचे मला फार अप्रूप आहे.

अनुपमा_भवानीपूर

विनायकराव, कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये कोणीही जाऊन बसू शकते. ती जुन्या आल्बर्ट हॉलची इमारत आहे. तेथे १९४२ मध्ये कॉफी हाउस सुरू झाले आणि १९५८ मध्ये ते कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आले. तेथे बिनदुधाच्या काळ्या कॉफीला ‘इन्फ्युजन’ म्हणतात, आणि एका कपावर कितीही वेळ बसले तरी उठा असे सहसा कोणी म्हणत नाही. मात्र तुम्हाला तेथे दिसतील ती टेबलांभोवती बसलेली माणसे. आड्डा पाहायला मिळणे कठीण आहे, कारण तो पाहण्याचा प्रकार नाही, ज्यांचा असतो त्यांचाच तो असतो. बाल्कांवात येणारा जाणारा दोन शब्द बोलून पुढे जातो असे तुम्ही लिहिले आहे, आणि फरक नेमका तेथे आहे. आड्ड्यातला माणूस पुढे जात नाही, तो तेथेच आलेला असतो.

गाण्याचा उल्लेख मात्र तुम्ही फार योग्य वेळी केलात, कारण मेघनाच्या तिसऱ्या वाक्याची किल्ली त्यात आहे. गाण्याची पहिली ओळ ‘कॉफी हाउसेर शेइ आड्डाटा आज आर नेइ’ अशी आहे. यातला ‘टा’ पाहा. बंगालीत नामाला ‘टा’ लागला की ती ठराविक, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली एक वस्तू होते. ‘त्या गप्पा आता राहिल्या नाहीत’ असे भाषांतर केले तर वाचकाला वाटेल की माणसे आहेत, फक्त बोलणे बंद झाले आहे. ‘तो अड्डा आता राहिला नाही’ असे केले तर कॉफी हाउस बंद पडले असे वाटेल. गाण्यात यांपैकी काहीच झालेले नाही. कॉफी हाउस चालू आहे, टेबले आहेत, नवी माणसे येऊन बसतात. एक मित्र पॅरिसला आहे, एक ढाक्याला आहे, डिसूझा वारला आहे, आणि जे नाहीसे झाले आहे ते या ठराविक माणसांनी मिळून बनलेले एक शरीर आहे.

निखिल_एडिसन

मी भाषांतरकार नाही, पण न्यू जर्सीत माझ्या आजूबाजूला बंगाली मित्र पुष्कळ आहेत आणि इंग्रजी भाषांतरांतून बंगाली साहित्य वाचतो. इंग्रजी भाषांतरकारांनी या प्रश्नावर बहुधा हात टेकले आहेत, ते शब्द तसाच तिरप्या अक्षरांत ठेवतात. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांच्या २००० साली आलेल्या पुस्तकात आड्ड्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यांनी तेथे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी इंग्रजीत दिलेले अर्थ उद्धृत केले आहेत. त्यांतला एक अर्थ जिवलग सोबत्यांबरोबर निष्काळजीपणे बोलण्याची जागा असा आहे आणि दुसरा जवळच्या मित्रांच्या गप्पा असा आहे. एवढ्या मोठ्या विद्वानालाही एका शब्दासाठी एकदा जागा आणि एकदा बोलणे असे दोन्हीकडे जावे लागले, हे मला बोलके वाटते.

माझ्या मते इंग्रजीतली खरी अडचण व्याकरणाची नसून कामाच्या नीतीची आहे. हेतूशिवाय घालवलेल्या वेळाला चांगले म्हणणारा शब्द त्या भाषेत सहज मिळत नाही. जे शब्द आहेत ते एकतर हलके आहेत, नाहीतर ते बोलण्याला काहीतरी उद्दिष्ट चिकटवतात. मराठीतही तेच आहे. ‘चकाट्या’, ‘कुटाळक्या’, ‘टिवल्याबावल्या’ असे निंदेचे शब्द भरपूर आहेत, आणि कौतुकाचा शब्द हवा असला की ‘चर्चा’ किंवा ‘परिसंवाद’ यांच्याकडे जावे लागते. म्हणून शब्द तसाच ठेवावा आणि तळटीप द्यावी.

अनुपमा_भवानीपूर

निखिल, इंग्रजीविषयी तुम्ही म्हणता ते बरेच खरे आहे, मराठीविषयी मात्र अर्धेच. ‘गप्पा रंगल्या’ यात निंदा अजिबात नाही, उलट कौतुकच आहे, आणि ‘गप्पांचा फड जमला’ यातही नाही. मराठीत कमतरता कौतुकाच्या शब्दाची नाही. एकाच शब्दात कौतुक आणि निंदा दोन्ही मावत नाहीत, ही खरी कमतरता आहे. बंगालीत आई त्याच शब्दाने रागावते आणि मुलगा त्याच शब्दाने अभिमान बाळगतो. शब्द त्यांना एक करतो आणि त्यांचे मूल्यमापन त्यांना वेगळे करते. मेघनाने आईला ‘चकाट्या’ दिल्या आणि मुलाला ‘गप्पा’ दिल्या तेव्हा भांडण भाषांतरकाराने आधीच सोडवून टाकले, वाचकासाठी काही उरले नाही.

तळटीप मला नको वाटते. आईने रागाने दोन शब्दांत विचारलेल्या प्रश्नावर वाचकाने डोळे पानाच्या तळाशी न्यायचे, हे त्या संवादाला मारक आहे. त्याऐवजी मी दोन गोष्टी सुचवते. पहिली अशी की शब्द ‘आड्डा’ असा लिहावा, ‘अड्डा’ असा नाही. बंगालीत तो ‘आ’नेच लिहिला जातो, म्हणून हे लेखन अचूकही आहे, आणि त्या एका कान्यामुळे जुगाराचा अड्डा वाचकाच्या मनातून दूर होतो. त्याचे सामान्यरूप ‘आड्ड्यात’, ‘आड्ड्याला’ असे मराठी नियमाने बिनतक्रार होते. दुसरी गोष्ट अशी की आई हा शब्द उच्चारते त्याच्या आधीच्या एखाद्या परिच्छेदात वाचकाला तो काम करताना दिसला पाहिजे. कथेत मित्र रकावर जमतात असे वर्णन आधी येते का?

मेघना_वा

होय, येते. कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘रोज संध्याबेला दत्तबाडीर रके आड्डा बोशतो’ असे वाक्य आहे. मी त्याचे ‘रोज संध्याकाळी दत्तांच्या ओट्यावर मित्रांच्या गप्पा चालत’ असे केले होते.

अनुपमा_भवानीपूर

मग तेच वाक्य शब्दाला आत घेण्याचे दार आहे. ‘रोज संध्याकाळी दत्तांच्या घराच्या रकावर आड्डा बसायचा, आणि दिवे लागल्यानंतरही बराच वेळ कोणी उठायचे नाव घेत नसे’ असे काहीसे करून पाहा. ‘दिवे लागल्यानंतर’ हा भाग मूळ वाक्यात नसला आणि शेजारच्या वाक्यात असला, तर तेथून उचलून येथे जोडावा. मुळात कोठेच नसेल तर मात्र घालू नये. ‘बसायचा’ या क्रियापदाने नेम कळतो, ‘कोणी उठायचे नाव घेत नसे’ याने लांबण कळते, आणि मग आईच्या तोंडी ‘पुन्हा आड्डा?’ आले की वाचकाला अर्थ विचारावा लागत नाही. मुलाचे उत्तर ‘आड्डा दिल्याशिवाय भात पचायचा नाही’ असे ठेवता येईल. ‘आड्डा देणे’ हे मराठी कानाला नवे आहे हे मला मान्य आहे, पण ‘पहारा देणे’, ‘साथ देणे’ असे प्रयोग आपल्याकडे आहेतच, त्यांच्या रांगेत ते उभे राहू शकेल. तेथे भातच असू द्या. बंगाली माणसाचे जेवण न पचणे आणि भात न पचणे यांत चवीचा फरक आहे.

सदानंद_डोंबिवली

अनुपमाताई, तुमचे म्हणणे वाचले आणि त्यातला काही भाग पटला. दुसऱ्याच्या घराचा ओटा आणि सार्वजनिक कट्टा यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही माझा आक्षेप राहतोच. भाषांतर मराठी वाचकासाठी असते. आमच्या वाचनालयातले ज्येष्ठ सभासद ‘आड्डा’ ही मुद्रणदोषाची खूण समजून पेन्सिलीने काना खोडतील, हे मी खात्रीने सांगतो. ‘रक’, ‘आड्डा’, ‘आड्डा देणे’ असे एकेक करून तुम्ही निम्मी कथा बंगालीत ठेवणार असाल, तर वाचकाने थेट बंगालीच का शिकू नये? ‘कट्टा’ने चार आणे कमी पोहोचेल, पण जे पोहोचेल ते पहिल्याच वाचनात पोहोचेल.

शर्वरी_प

मी बराच वेळ नुसती वाचत होते. आईच्या वाक्याविषयी मला एक गोष्ट मांडावीशी वाटते. तुम्ही सर्वांनी असे गृहीत धरले आहे की आई आणि मुलगा एकाच शब्दाचे दोन बाजूंनी मोल करीत आहेत. पण त्या काळात रकावरचा आड्डा मुलग्यांचा आणि पुरुषांचा होता. मध्यमवर्गीय घरातल्या आईला रस्त्याच्या कडेला जाऊन बसणे शक्यच नव्हते. आड्डा घरच्या बैठकीच्या खोलीत भरला तर चहाच्या फेऱ्या आतून यायच्या, आणि त्या कोण करीत असे हे सांगायला नको. तेव्हा ‘आबार आड्डा?’ हा वेळ वाया घालवण्याबद्दलचा राग आहे, की जे आपल्याला कधीच मिळाले नाही त्याकडे पाहणे आहे? कथेत आई स्वतः शेजारणींशी बोलताना दिसते का, आणि लेखक त्याला कोणता शब्द वापरतो? त्या शब्दावरून ‘आड्डा’चे मराठी ठरवणे मला अधिक योग्य वाटेल.

बंगाली लेखक सय्यद मुजतबा अली यांनी कैरोच्या कॅफेंतल्या आड्ड्यांवर लिहिताना घर आणि कॅफे यांची तुलना केली आहे, आणि घरी आड्डा बसला की खाऊ घालणाऱ्या यजमानाचे वजन वाढते, समानता राहत नाही, असा त्यांचा रोख आहे. हा विचारही यजमानापाशी थांबतो, स्वयंपाकघरापर्यंत जात नाही.

मेघना_वा

शर्वरी, तुमच्या प्रश्नामुळे मी मूळ पुन्हा उघडून पाहिले. आई दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या गच्चीवरच्या बाईशी बराच वेळ बोलते, असा एक प्रसंग आहे. तेथे लेखकाने ‘गल्प करछिल’ असे लिहिले आहे, ‘आड्डा’ वापरलेला नाही. मी त्याचेही भाषांतर ‘गप्पा मारत होती’ असेच केले होते, म्हणजे माझ्या खर्ड्यात आईचे बोलणे आणि मुलाचे बोलणे यांना एकच शब्द मिळाला होता आणि मुळातला भेद पुसला गेला होता.

अनुपमा_भवानीपूर

हा फार महत्त्वाचा पुरावा आहे. ‘गल्प करा’ म्हणजे साध्या गप्पा, त्या दोघींतही होतात, वाटेतही होतात आणि त्यांना ठराविक मंडळी लागत नाहीत. तेथे ‘गप्पा’ शंभर टक्के बरोबर आहे. मग मुलासाठी तो शब्द वापरताच येणार नाही. बायकांच्या अशा बैठकीला पुढच्या काळात ‘आड्डा’ म्हणू लागले, आज तर सर्रास म्हणतात, पण १९६० च्या लेखकाने तेथे तो शब्द टाळला असेल तर ते जाणूनबुजून की निव्वळ सवयीने, हे एका प्रसंगावरून मला सांगता येणार नाही. शर्वरीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही माझ्यापाशी नाही. आईच्या दोन शब्दांत राग आहे की आस आहे हे बंगाली वाचकालाही आवाज ऐकू आल्याशिवाय कळणार नाही, आणि म्हणून मराठीतही ते उघडेच राहावे असे मला वाटते.

मेघना_वा

सर्वांचे मनापासून आभार. तूर्त असे ठरवते की दुसऱ्या परिच्छेदात ‘आड्डा बसायचा’ येईल, आईच्या आणि मुलाच्या तोंडी ‘आड्डा’च राहील, आणि गच्चीवर ‘गप्पा’ राहतील. सदानंदरावांचा आक्षेप मी संपादकांपुढे ठेवणार आहे. काना मुद्रणदोष वाटू नये म्हणून पहिल्या वेळी शब्द अवतरणचिन्हांत द्यावा असे मला वाटते, त्यांना वेगळे वाटले तर येथे कळवीन.

‘आड्डाटा भेंगे गेलो’ मात्र अजून सुटलेले नाही. ‘आड्डा मोडला’ असे लिहिले तर त्या संध्याकाळची बैठक उठली असा अर्थ होऊ शकतो. ‘आमचा आड्डा मोडला’ असे लिहिले तर ‘टा’तला ठराविकपणा येतो, पण मुळात ‘आमचा’ नाही, आणि कथा तृतीयपुरुषी असल्यामुळे तो शब्द निवेदकाला त्या मंडळीत नेऊन बसवतो. ‘तो आड्डा मोडला’ यात ‘तो’ फार दूरचा वाटतो. ‘आड्डा मोडला तो मोडलाच’ असेही करून पाहिले, पण त्यात पुन्हा कधीच न जमण्याची जी खात्री आहे ती मूळ वाक्यात इतक्या लवकर दिलेली नाही. कोणाला चौथा मार्ग सुचला तर अवश्य लिहावे.

सदानंद_डोंबिवली

‘दत्तांच्या रकावरचा आड्डा मोडला’ असे करून पाहावे. जागेचे नाव दिले की कोणता आड्डा ते वेगळे सांगावे लागत नाही, आणि निवेदकही बाहेरच राहतो.